व्यतिरेकी प्रतिमा-शब्द पूर्वप्रशिक्षण

व्यतिरेकी प्रतिमा-शब्द पूर्वप्रशिक्षण : चित्र व त्याचे शब्दवर्णन यांच्या असंख्य जोड्यांवरून संगणकीय प्रतिमानाला चित्रे आणि शब्द एकाच गणितीय अवकाशात मांडावयास शिकविण्याची पद्धती. प्रत्येक चित्र त्याच्या स्वतःच्या वर्णनाजवळ यावे व इतर चित्रांच्या वर्णनांपासून दूर जावे, एवढीच अट प्रशिक्षणात घातलेली असते. ‘व्यतिरेकी’ हे विशेषण त्यावरून आले. या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेच्या ॲलेक रॅडफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलेले ‘क्लिप’ हे प्रतिमान होय.

चित्रे ओळखणारी त्यापूर्वीची बहुतेक प्रतिमाने ठराविक नावांच्या यादीवर शिकविली जात. इमेजनेट या प्रसिद्ध संग्रहाच्या स्पर्धेसाठी अशी १,००० नावे निश्चित करण्यात आली होती आणि सुमारे १२.८ लक्ष चित्रांना माणसांकडून नावे लावून घेतलेली होती. यादीत नसलेली वस्तू समोर आल्यास अशा प्रतिमानाला ती यादीतल्याच कोणत्या तरी नावाखाली घालावी लागे. या अडचणीवर २०१३ मध्ये गूगलमधील आंद्रेआ फ्रोम व सहकाऱ्यांनी एक वाट काढली. केवळ मजकूर वाचून शब्दांचे सदिश आधी तयार करावयाचे आणि मग चित्रांना त्या तयार अवकाशात बसवावयाचे, अशी ती योजना होती. २०१७ मध्ये अँग ली व सहकाऱ्यांनी चित्रांसोबतच्या शब्दसमूहांवरून प्रतिमान शिकविले. पण इमेजनेटवर, तेथील उदाहरणे न दाखविता, त्याची अचूकता अवघी ११.५ टक्के भरली. कल्पना योग्य असली, तरी एवढ्या यशावर ती फारशी कोणी गंभीरपणे घेतली नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील युहाओ झांग व सहकाऱ्यांनी छातीची क्ष-किरण चित्रे व वैद्यांचे अहवाल यांच्या जोड्यांवर व्यतिरेकी पद्धती वापरली. ‘क्लिप’ ही या पद्धतीचीच सुलभ केलेली व फार मोठ्या प्रमाणावर राबविलेली आवृत्ती आहे.

रॅडफर्ड यांच्या गटाने प्रथम चित्र पाहून त्याचे वर्णन शब्दशः लिहिणारे प्रतिमान करून पाहिले. ते शिकावयास फार वेळ घेई. कारण उघड आहे : एकाच चित्राचे वर्णन अनेक तऱ्हांनी करता येते, आणि नेमके कोणते शब्द कोणत्या क्रमाने येतील हे चित्रावरून ठरत नाही. मग त्यांनी प्रश्नच सोपा केला. वर्णन लिहावयाचे नाही. समोर ठेवलेल्या अनेक वर्णनांपैकी या चित्राचे कोणते, एवढेच ओळखावयाचे. शब्दक्रमाकडे दुर्लक्ष करून केवळ वर्णनातील शब्दांचा अंदाज करणाऱ्या मधल्या पद्धतीच्या तुलनेतही ही निवड सुमारे चौपट कार्यक्षम ठरली.

कार्यपद्धती : प्रतिमानात दोन स्वतंत्र चेताजालके असतात. एक चित्राचे आणि दुसरे वाक्याचे रूपांतर सारख्याच मितींच्या सदिशात करते. ‘क्लिप’च्या एका लहान आवृत्तीत या मिती ५१२ आहेत. सर्व सदिशांची लांबी एक केली जाते. त्यामुळे दोन सदिशांमधील कोनाची कोज्या हेच त्यांच्या साम्याचे माप होते.

एक छोटा गट घेऊन हे पाहता येईल. समजा, मांजर, आगगाडी व आंबा यांची तीन चित्रे आणि त्यांची तीन वर्णने आहेत. तीन ओळी व तीन स्तंभ यांच्या कोष्टकात नऊ साम्ये मांडली, तर कर्णावरील तीन जोड्या खऱ्या व उरलेल्या सहा खोट्या असतात. मांजराच्या चित्राचे तीन वर्णनांशी साम्य अनुक्रमे ०.३०, ०.२५ व ०.२० आले असे धरू. या आकड्यांतील फरक अगदी किरकोळ आहे, म्हणून ते एका गुणकाने वाढवितात. या गुणकाच्या व्यस्ताला ‘तापमान’ म्हणतात. तापमान ०.०७ असता गुणक सुमारे १४.३ होतो, वाढविलेल्या संख्यांचे घातांकी मूल्य काढून त्यांचे प्रमाण घेतले, की तीन वर्णनांच्या संभाव्यता सुमारे ५८, २८ व १४ टक्के येतात. खऱ्या वर्णनाची संभाव्यता १०० पासून जितकी दूर, तितका दंड मोठा. आणि तो कमी होईल अशा रीतीने दोन्ही जालकांतील भार किंचित बदलले जातात. हीच मोजणी स्तंभांवरूनही, म्हणजे प्रत्येक वर्णनासाठी योग्य चित्र निवडूनही, करतात. ‘क्लिप’मध्ये तापमान प्रशिक्षणातूनच ठरते. आरंभी ते ०.०७ असते आणि गुणक १०० च्या पुढे जाऊ दिला जात नाही. गुणक १०० धरला, तर वरील उदाहरणातील पहिली संभाव्यता ९९ टक्क्यांवर जाते.

प्रत्यक्षात गट तिघांचा नसून ३२,७६८ जोड्यांचा होता. तीन वर्णनांतून मांजराचे वर्णन निवडावयास ‘प्राणी’ एवढी ओळख पुरते. तीस हजारांत इतर मांजरेही असतात, तेव्हा रंग, जागा, हालचाल यांकडे लक्ष जाणे भाग पडते. मोठ्या गटाचा एक तोटाही आहे. योगायोगाने दुसऱ्या चित्रालाही लागू पडणारे वर्णन खोटे मानले जाते व त्याबद्दल विनाकारण दंड बसतो. आंतरजालावरून जमविलेल्या ४० कोटी जोड्या प्रशिक्षणासाठी वापरण्यात आल्या.

प्रशिक्षणानंतर नव्या वस्तू ओळखण्यासाठी त्यांची नावे वाक्यात घालून सदिश काढतात आणि चित्राला सर्वांत जवळचे वाक्य निवडतात. एकटे नाव पुष्कळदा संदिग्ध असते : इंग्रजीतील ‘क्रेन’ म्हणजे क्रौंच पक्षीही आणि यारीही. ‘हे अमुक वस्तूचे छायाचित्र आहे’ अशा साच्यामुळे इमेजनेटवरील अचूकता १.३ टक्क्यांनी वाढली. सर्वांत मोठ्या ‘क्लिप’ने तेथील एकाही नामांकित चित्रावर न शिकता ७६.२ टक्के अचूकता गाठली. तीच नामांकित चित्रे पाहून शिकलेल्या रेझनेट-५० या जालकाची अचूकता तेवढीच होती. हस्तलिखित अंक ओळखण्यात मात्र त्याची अचूकता ८८ टक्केच भरली. असे अंक त्याच्या प्रशिक्षणाच्या चित्रांत जवळजवळ नव्हते. मूळ ‘क्लिप’ इंग्रजीपुरतेच तपासलेले असल्याने मराठी वाक्यांसाठी त्यावर विसंबता येत नाही.

मर्यादा : मार्च २०२१ मध्ये ओपनएआयमधीलच गेब्रिएल गोह व सहकाऱ्यांनी एका हिरव्या सफरचंदावर ‘आयपॉड’ असे लिहिलेला कागद चिकटविला, तेव्हा प्रतिमानाने ते ९९.७ टक्के खात्रीने आयपॉड ठरविले. चित्रातील अक्षरे आणि चित्रातील वस्तू एकाच अवकाशात येत असल्याने अक्षरे वस्तूवर मात करतात.

दुसरा दोष अधिक खोल आहे. २०२२ मध्ये ट्रिस्टन थ्रश व सहकाऱ्यांनी ४०० उदाहरणांची एक कसोटी तयार केली. ‘दिव्याभोवती रोपे’ आणि ‘रोपांभोवती दिवा’ यांसारखी, तेच शब्द वेगळ्या रचनेत वापरणारी दोन वाक्ये व त्यांची दोन चित्रे तीत असतात. योग्य जोड्या लावण्यात ‘क्लिप’सह तत्कालीन प्रतिमाने नुसत्या अटकळीपलीकडे फारशी गेली नाहीत. याचे मूळ प्रशिक्षणातच आहे. तेथील खोटी वर्णने भलत्याच चित्रांची असतात. ती वगळण्यास वाक्यात कोणते शब्द आहेत हे कळणे पुरेसे असते, ते कोणत्या क्रमाने आहेत हे क्वचितच लागते. त्याच चित्राच्या वर्णनातील शब्दांची अदलाबदल करून खोटी वाक्ये मुद्दाम गटात घातल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते, असे २०२३ मधील संशोधनात आढळले.