बिल मोठ्या कंपनीने मान्य केलं, तरी बँक लगेच पैसे का देत नाही?

समजा, चाकणमधल्या एका छोट्या कारखान्याने मोठ्या वाहन कंपनीला 10 लाखांचे सुटे भाग पुरवले. 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 11 लाख 80 हजारांचं. पैसे 40 दिवसांनी येणार, पण पत्र्याचे आणि पगाराचे पैसे आत्ताच द्यायचेत. कंपनीचा ‘बिल मिळालं’ असा ईमेल घेऊन मालक बँकेत जातो आणि बिल डिस्काउंट करून मागतो. म्हणजे बँकेने 40 दिवसांचं व्याज कापून बाकीची रक्कम आज द्यायची.

इथेच गाडी अडते. बिल मिळणं वेगळं आणि बिल मान्य होणं वेगळं. माल तपासून पास झाला का, कापाकापीनंतर नक्की किती रक्कम देणार, कोणत्या तारखेला देणार आणि ती थेट बँकेलाच देणार का, हे बँकेला लेखी हवं असतं. या उदाहरणात 30 हजारांचा माल रिजेक्ट होऊन डेबिट नोट निघाली, तर मान्य रक्कम उरते 11 लाख 50 हजार. जुन्या आकड्यावर पैसे उचलले असते, तर फरक कारखान्याच्या अंगावर आला असता.

सगळं लेखी मिळालं तरी एक पेच राहतो. नेहमीच्या बिल डिस्काउंटिंगमध्ये कंपनीने पैसे थकवले, तर बँक सहसा कारखानदाराकडूनच वसूल करते. त्यामुळे ती त्याचा ताळेबंद पाहते, तारण मागते.

यावरचा पर्याय म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ‘ट्रेड्स’ प्लॅटफॉर्म. आरएक्सआयएल, एम1एक्सचेंज आणि इनव्हॉइसमार्ट ही त्यातली काही नावं. इथे बिल ऑनलाइन चढवलं जातं, कंपनी ते तिथेच मान्य करते आणि मग बँका व्याजदराची बोली लावतात. दर ठरतो तो प्रामुख्याने कंपनीची पत पाहून. समजा 9 टक्क्यांची बोली स्वीकारली, तर 11.50 लाखांवर 40 दिवसांचं व्याज साधारण 11,342 रुपये होतं. प्लॅटफॉर्मचं शुल्क सोडलं, तर कारखान्याच्या हातात येतात 11 लाख 38 हजार 658 रुपये. ठरल्या तारखेला बँक कंपनीच्या खात्यातून रक्कम घेते. कंपनीने थकवलं, तरी बँक कारखानदाराच्या मागे येत नाही. खरा फायदा हाच, व्याजातली बचत त्यानंतरची.

अडचण एकच, पण मोठी. 250 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, मात्र नोंदणी केली म्हणजे प्रत्येक बिल तिथे मान्य होतंच असं नाही. कंपनीच्या अकाउंट्स विभागाने बटण दाबलं नाही, तर बोली सुरूच होत नाही. म्हणून बिल ट्रेड्सवर किती दिवसांत मान्य करायचं, हे पर्चेस ऑर्डर घेतानाच लिहून घेतलेलं बरं. माल पोहोचल्यावर ही मागणी केली, तर छोट्या पुरवठादाराचं फारसं कुणी ऐकत नाही.