उडी मारणारं पाणी आणि बेलांजेची दुरुस्ती

कालव्याचा दरवाजा थोडासा उचलला की खालून पाण्याचा पातळ, काचेसारखा गुळगुळीत पट्टा सुसाट निघतो. थोडं पुढे गेल्यावर तोच पट्टा एकदम फुगतो, पांढराफेक होऊन घुसळतो आणि त्यापलीकडे खोल, संथ पाणी सुरू होतं. याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. इटलीतल्या तुरिनमध्ये ज्योर्ज्यो बिदोने यांनी 1818 च्या सुमारास या उडीवर पद्धतशीर प्रयोग केले आणि तिच्या अलीकडची-पलीकडची खोली मोजून ठेवली.

या मापांना गणितात बसवण्याचं काम फ्रेंच अभियंता जाँ-बाप्तिस्त बेलांजे यांनी अंगावर घेतलं. 1828 च्या निबंधात त्यांनी ऊर्जा अक्षय्यतेचा आधार घेतला: उडीआधी जेवढी ऊर्जा, तेवढीच उडीनंतर. सूत्र चुकलं. उडी लहान असेल तर ऊर्जेची घट किरकोळ असते, त्यामुळे ही चूक ठळकपणे दिसत नाही. उडी मोठी झाली की मात्र हिशेब पार कोलमडतो. 1841 मध्ये बेलांजे यांनी स्वतःच पाया बदलला आणि ऊर्जेऐवजी संवेगाचा तोल मांडला. त्या घुसळणीत किती ऊर्जा जिरते हे आधी सांगता येत नाही. पण दोन्ही टोकांना पाण्याचा दाब किती आणि संवेग किती हे सांगता येतं, आणि सपाट तळावर हा तोल सांभाळायला आतल्या गोंधळाची माहिती लागतच नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते.

दोन्ही सूत्रांतला फरक एका उदाहरणात पाहू. दरवाजाखालून दर मीटर रुंदीला सेकंदाला 6 घनमीटर पाणी येतं. पट्ट्याची जाडी 0.5 मीटर, म्हणजे वेग 12 मीटर प्रति सेकंद. वेगाला √(g × खोली) ने भागलं की फ्राउड अंक येतो, इथे 5.4. आता बेलांजेचं दुरुस्त सूत्र:

y₂ = (y₁/2) × (√(1 + 8F²) − 1)

यातून उडीनंतरची खोली साधारण 3.6 मीटर येते. जुन्या ऊर्जासूत्राने तीच 7.8 मीटर आली असती! या तफावतीचं कारण म्हणजे उडीत जिरलेली ऊर्जा: पाण्याच्या उंचीत मोजली तर 7.84 मीटरपैकी सुमारे 4.1 मीटर, निम्म्याहून जास्त. दर मीटर रुंदीला जवळजवळ 240 किलोवॅट त्या घुसळणीत संपतात. ही ऊर्जा तिथे संपली नाही तर नदीचा तळ उकरायला खर्ची पडते.

1913 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात डेटन शहर पुरात बुडालं. त्यानंतर मायामी नदीच्या खोऱ्यात बांधायच्या धरणांच्या मोऱ्यांतून सुटणारा झोत आवरायचा होता. तिथल्या अभियंत्यांनी या उडीचा अभ्यास करून 1917 मध्ये अहवाल काढला. उडी नदीत कुठेही पडू न देता तिला काँक्रीटच्या हौदात अडवायचं, हा विचार तिथे पक्का झाला. हा हौद म्हणजे स्टिलिंग बेसिन.

बेसिनची लांबी काढणं सोपं आहे. साध्या सपाट तळाला उडीनंतरच्या खोलीच्या सुमारे सहापट, म्हणजे आपल्या उदाहरणात 22 मीटर. खरी कसोटी खालच्या बाजूच्या पातळीची. नदीत त्या वेळी 3.6 मीटर पाणी हवं. तिथे 2.9 मीटरच असेल तर उडी बेसिनबाहेर ढकलली जाते आणि त्याच्या टोकाला खड्डा पडतो. जास्त असेल तर उडी बुडते, झोत तळालगत दूरवर सरकत राहतो आणि वरून पाणी शांत भासतं.

मग तळ 0.7 मीटरने खाली न्यायचा? तेवढ्याने भागत नाही. पाणी जास्त उंचीवरून उतरतं, वेग वाढतो आणि लागणारी खोली 3.7 च्या आसपास जाते. म्हणून पुन्हा हिशेब करायचा, तळ 0.85 मीटर उतरवल्यावर जमतं. शिवाय हे एकाच विसर्गाचं झालं. दरवाजा थोडा किंवा पूर्ण उघडला तरी प्रत्येक वेळी लागणारी खोली आणि नदीतली पातळी जुळते का, ते तपासावं लागतं.

पुढे अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशनमध्ये ब्रॅडली आणि पीटरका यांनी प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून फ्राउड अंकानुसार बेसिनचे प्रकार ठरवून दिले. 4.5 ते 9 मधली उडी एका जागी टिकते, तिथे काँक्रीटचे ठोकळे बसवून बेसिन निम्म्याहून आखूड करता येतं. मात्र वेग फार असेल तर ठोकळ्यांच्या पाठीमागे पोकळ्या निर्माण होऊन काँक्रीटच झिजतं. 2.5 ते 4.5 मधली उडी सर्वांत त्रासदायक. झोत कधी तळाला, कधी पृष्ठभागाला जातो आणि त्याच्या लाटा कालव्याच्या मातीच्या काठांवर दूरपर्यंत आदळत राहतात. बेसिन लांबवून त्या फारशा कमी होत नाहीत. कालव्यावरच्या कमी उंचीच्या दरवाजांखाली नेमकी हीच उडी वारंवार भेटते.