कमी नग निघाले म्हणून रोज बुडत नाही

कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या परिसरात शिलाईच्या युनिटमध्ये काम करणाऱ्या आपल्या बहिणींशी पगाराविषयी बोललो की एक वाक्य हमखास ऐकू येते. "या आठवड्यात माल कमी निघाला, म्हणून पैसे कमी." हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते की त्यात काही अन्याय आहे असे बोलणारीलाही वाटत नाही. जेवढे शिवले तेवढे मिळाले, यात मालकाचे काय चुकले?

आमचे म्हणणे असे, की चूक नेमकी इथेच आहे. नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला माल कमी निघालेल्या दिवशीही किमान रोज मिळाला पाहिजे, हे तत्त्व शंभर वर्षांहून जुने आहे. ते पहिल्यांदा लढले गेले तेही शिलाईच्याच धंद्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गल्ल्यांत तयार कपडे शिवणाऱ्या स्त्रिया नगावर राबत. दर मालक ठरवी आणि सर्वांत वेगवान हात बघून ठरवी. १९०९ साली ब्रिटिश संसदेने ट्रेड बोर्ड्‌स कायदा केला. किमान वेतन ठरवण्यासाठी सुरुवातीला फक्त चार धंदे निवडले गेले आणि त्यांत तयार कपड्यांची शिलाई होती. मालक नगावर मजुरी देत असेल तर त्या दराने 'साधारण' कामगाराला तासाच्या किमान दराइतके पैसे सुटतात हे त्यानेच दाखवायचे, असा नियम आला. मोजमाप सर्वांत चपळ बाईचे नाही, साधारण बाईचे.

पण या नियमात एक भोक होते. साधारण बाईला पुरेसे सुटते हे सिद्ध झाले की मालक मोकळा. नवी शिकाऊ मुलगी, वय झालेली बाई किंवा ज्या दिवशी मालच आला नाही त्या दिवशीची कोणतीही बाई, यांना आधार नव्हता. म्हणून १९१८ च्या दुरुस्तीत आणखी एक दर आला, हमीचा वेळदर. नग कितीही निघोत, वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या रकमेच्या खाली मजुरी जाणार नाही. नगाचा दर वर चढायला मोकळा, पण खाली एक तळ पक्का.

आपल्याकडे नगावरच्या कामाचा प्रश्न जातीला भिडलेला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मागावर नगाने चांगली कमाई होई. पण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागतो, त्याला अस्पृश्याची थुंकी लागेल, म्हणून त्या खात्याचे दार आपल्या माणसांना बंद होते. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांत ठेवले जाई. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघड मांडला. यातून आपण एक धडा घ्यायला हवा. नगावरची मजुरी म्हणजे केवळ हाताच्या चपळाईचे मोल, हे खरे नाही. कोणते काम कोणाच्या हाती पडते आणि ते कोण वाटतो, यावर कमाई ठरते.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात वेळदर आणि नगदर यांच्या जोडीला तोच १९१८ चा शब्द आहे, हमीचा वेळदर. सतरावे कलम तर अगदी सरळ आहे. कामगार नगावर आहे, पण सरकारने त्या कामासाठी फक्त वेळदर ठरवला आहे, तर मालकाने वेळदरापेक्षा कमी द्यायचे नाही. पंधरावे कलम सांगते की कामगाराने दिवसाचे पूर्ण तास काम केले नाही तरी त्याला पूर्ण दिवसाचा रोज मिळेल. अपवाद मुख्यतः एकच, काम करायची त्याचीच इच्छा नसेल तर. मालकाने काम दिले नाही, हा त्या अपवादात बसत नाही.

'इच्छा नसणे' आणि 'माल कमी निघणे' यांतला फरक शिलाईच्या लाइनवर बसलेल्या कोणालाही कळतो. कटिंग उशिरा आले, मशीन बिघडले, दोरा बदलला, नवी स्टाइल लागली, आधीच्या टेबलावरून पीस पुढे सरकले नाहीत, वीज गेली. या सगळ्यात बाई मशीनपुढे बसूनच असते. पीस अल्टरला परत आला तर तोच पीस उसवून पुन्हा शिवावा लागतो आणि त्या वेळेचा वेगळा पैसा बहुतेकदा मिळत नाही. वेळ तिचा जातो, आणि तोटाही तिच्याच नावावर पडतो.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, सरकारी दर नव्हेत. समजा एका खिशाच्या शिलाईला २ रुपये मिळतात आणि आठ तासांचा किमान रोज ४८० रुपये आहे. म्हणजे २४० नग झाले की रोज भरतो. सोमवार ते शनिवार नग असे निघाले: २८०, ३००, २६०, १२०, १५०, २७०. गुरुवारी दुपारपर्यंत कटिंगच नव्हते आणि शुक्रवारी नवी स्टाइल लागली. नगाने मजुरी होते ५६०, ६००, ५२०, २४०, ३०० आणि ५४०, एकूण २,७६० रुपये.

मालक २,७६० हातावर ठेवतो आणि हिशेब मिटला म्हणतो. थोडा कायदा जाणणारा मालक म्हणतो, सहा दिवसांचे किमान २,८८० होतात, घे वरचे १२०. पण यात सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शनिवारी तिने घाम गाळून जे जादा मिळवले, त्यातूनच गुरुवार-शुक्रवारची तूट भरली गेली. मालकाचे कटिंग उशिरा आले, त्याचा दंड तिच्या मंगळवारच्या मेहनतीने भरला. दर जर रोजाचा ठरला असेल तर तुलनाही रोजचीच व्हायला हवी, हा आमचा आग्रह आहे. गुरुवारी २४० आणि शुक्रवारी १८० रुपयांची भर पडली, की आठवड्याचे होतात ३,१८०. तिच्या हातात पडलेल्या पैशापेक्षा हे ४२० रुपयांनी जास्त आहेत. कोणता हिशेब लावायचा यावरच खरा झगडा असतो, म्हणून तो आधी समजून घ्यावा लागतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. किमान रोज पक्का केला तर कोण हात चालवेल? उत्तर वरच्याच हिशेबात आहे. २४० नगांच्या पुढे प्रत्येक खिशाचे २ रुपये तिचेच आहेत, त्यामुळे वेगाची ओढ कुठेही जात नाही. बदल होतो तो मालकाच्या वागण्यात. रिकाम्या बसलेल्या वेळेचा खर्च त्याच्या खिशातून जाऊ लागला, की कटिंग वेळेवर येते आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याला लवकर बोलावले जाते.

नगावर काम करणारी बाई 'कामगारच नाही, कारागीर आहे' अशीही पळवाट काढली जाते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात ती बंद केली. मशीन दुकानाचे, काम सांगणारा दुकानाचा आणि शिवण बिघडली तर परत शिवायला लावणाराही दुकानाचाच, तर मजुरी नगावर असली तरी शिंपी कामगारच ठरतो.

पुढे १९८३ साली संजित रॉय विरुद्ध राजस्थान या खटल्यात दुष्काळी कामाच्या रस्त्यावरच्या मजुरांचा प्रश्न आला. टोळीचे काम मोजून मजुरी वाटली जाई आणि अनेकांच्या वाट्याला ७ रुपयांच्या किमान रोजाहून कमी येई. काम कमी भरले म्हणून किमान वेतन कापता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे हे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदातले वेठीचे श्रम मानले गेले. वेठबिगार काय असते हे आपल्या आजोबा-पणजोबांना न्यायालयाने सांगायची गरज नव्हती. पण कमी रोज हीही वेठच आहे, हे न्यायालयाच्या तोंडून येणे मोठी गोष्ट होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विरला. इतर संहितांवर आमचे अनेक आक्षेप आहेत, पण हा तळ टिकला आहे. जुने पंधरावे कलम आता दहावे आहे आणि सतरावे आता बारावे. पूर्वी धंद्याचे नाव अनुसूचीत असेल तरच किमान वेतन लागे. आता ते सर्व धंद्यांना लागते. दावा करायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली. आणि ५९ व्या कलमाप्रमाणे, मजुरी कमी मिळाल्याचा दावा झाला तर पूर्ण दिल्याचे सिद्ध करायचे ओझे मालकावर आहे.

मग तळ फोडला कुठे जातो? हजेरीपटावर. पैशावरून हजेरी उलटी काढली जाते. वरच्या उदाहरणात बाई सहा दिवस आली, पण पटावर साडेपाच दिवस लिहिले. साडेपाच दिवसांचे किमान २,६४० आणि दिले २,७६०, म्हणजे कागद चोख. कमी माल निघालेल्या दिवशीच नेमका 'अर्धा दिवस' दिसतो का, हे पाहिले की लबाडी सापडते. दुसरी खूण म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर नुसते नग आणि दर असणे, तास कुठेच नसणे. तास लिहिले की तळ मोजता येतो, म्हणून ते लिहायचे टाळले जाते.

यावर उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. प्रत्येकीने आपल्या वहीत तारीख, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, निघालेले नग, अल्टरचे नग आणि रिकामी बसलेली वेळ कारणासह लिहायची. चार मशीनवरच्या चार वह्यांत गुरुवारी 'कटिंग नव्हते' असे एकच लिहिलेले असेल, तर मालकाच्या पटावरचा अर्धा दिवस टिकणार नाही.

या तळालाही मर्यादा आहे. तो मोडायला मालक हळू हाताच्या बाईलाच कामावरून काढू शकतो, किंवा कपडे घरी शिवायला देऊन 'ही आमची कामगारच नाही' म्हणू शकतो. एकटी वही तिथे पुरत नाही. म्हणून पुढच्या शनिवारी पगार हातात पडेल तेव्हा पहिला प्रश्न "किती नग झाले?" असा नको. "किती दिवस लिहिले?" हा प्रश्न हवा, आणि तो एकीने नाही, सगळ्या लाइनने विचारायला हवा.