व्याजाचा दर आणि लातूरची पाण्याची गाडी



एप्रिल २०१६ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ५ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, पावणेसातवरून साडेसहा टक्क्यांवर आणला. पुढे १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरच्या स्थानकात आली. मराठवाड्याच्या स्मरणात ती गाडी राहिली. दराची बातमी मात्र फारशी कोणाला आठवत नसेल. तथापि या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की अर्थशास्त्रातील एक जुना वाद आपल्या दाराशी येऊन उभा राहतो. पैसा स्वस्त केला म्हणजे लोक नवे कारखाने, नव्या विहिरी, नवी घरे यांत पैसा घालतात काय? आणि घालत असतील तर किती?

या वादाचा इतिहास आम्ही इंग्लंडपासून सुरू करतो, कारण त्याची पहिली मोठी परीक्षा तेथे झाली. सप्टेंबर १९३१ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर सहा टक्के होता. जून १९३२ अखेर तो दोन टक्क्यांवर आला आणि दुसरे महायुद्ध जवळ येईपर्यंत तेथेच राहिला. दर एकच, देश एकच; पण परिणाम दोन झाले. घरबांधणी जोरात सुरू झाली. इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी बांधकामाने होणारी घरे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास होती, ती दोनतीन वर्षांत पावणेतीन लाखांच्या पुढे गेली. त्याच काळात उत्तरेकडील जहाजबांधणीच्या गोद्या मात्र ओस होत्या. व्याज तेथेही उतरले होते. पण ज्याच्या गोदीत बांधायला जहाज नाही त्याने नवी यारी कशासाठी घ्यावी?

घराला व्याज इतके का लागावे आणि यंत्राला इतके कमी का, हे एका साध्या हिशेबाने दिसेल. समजा, दोघांनी प्रत्येकी दहा लाख रुपये कर्ज काढले. एकाने पाच वर्षे टिकणारे डाळीचे यंत्र घेतले आणि कर्ज पाच वर्षांत फेडायचे ठरवले. दुसऱ्याने घर बांधले व फेडीला वीस वर्षे घेतली. व्याज दहा टक्के असता यंत्रवाल्याचा मासिक हप्ता सुमारे २१,२५० रुपये पडतो. आठ टक्के झाले की तो सुमारे २०,२७५ होतो. म्हणजे शंभराला जेमतेम साडेचार रुपयांची सूट. घरवाल्याचा हप्ता मात्र ९,६५० वरून ८,३६५ च्या आसपास येतो. म्हणजे शंभराला तेरा रुपये वाचतात. यंत्राच्या हप्त्यात मुद्दलाचाच भाग मोठा, तर घराच्या हप्त्यात व्याजाचा. तेव्हा वस्तू जितकी दीर्घायुषी, तितकी ती व्याजाच्या दराला अधिक जागी. शिवाय यंत्रवाल्याच्या मनात हप्त्यापेक्षा मोठा प्रश्न असतो : यंदा तूर येईल का, आणि आली तर डाळ कोण घेईल? साडेचार टक्क्यांची सूट त्या शंकेपुढे टिकत नाही.

हेच १९३८ साली ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष विचारून पाहिले. व्याजाच्या दरामुळे तुम्ही नवी गुंतवणूक केली किंवा थांबवली काय, असे त्यांनी व्यापारी-कारखानदारांना विचारले. बहुतेकांनी नाही म्हणून सांगितले. या उत्तराने एका पिढीचे मत बनवले. परंतु त्यात एक उणीव होती. प्रश्न विचारला तो मंदीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, स्वस्त पैशाची सवय झालेल्या काळात. आणि विचारला तो बहुधा धंदेवाल्यांना, घर बांधणाऱ्या कुटुंबांना नव्हे. ज्या दाराशी व्याजाचा आवाज पोचतो ते दार त्यांनी फारसे ठोठावलेच नाही.

याच सुमारास, १९३७ मध्ये, जॉन हिक्स यांनी केन्सच्या विचारांचे एक चित्र काढले, ते आजही शिकवले जाते. कागदावर उभ्या बाजूला व्याजाचा दर, आडव्या बाजूला देशाचे उत्पन्न. दर उतरला की गुंतवणूक वाढते, गुंतवणुकीने उत्पन्न वाढते. म्हणून वस्तूंच्या बाजाराची रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते. सगळा प्रश्न तिच्या चढणीचा आहे. आपल्या माहूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गडाच्या उभ्या वाटेने शंभर हात खाली उतरले तरी माणूस पायथ्याच्या आसपासच असतो. माळाच्या उताराने तेवढेच खाली यायचे तर मैलभर पुढे जावे लागते. रेषा उभी असेल तर दर कितीही उतरवा, उत्पन्न थोडेच पुढे सरकते. रेषा सपाट असेल तर दराच्या लहानशा उताराने उत्पन्न दूरवर जाते.

चढण ठरते दोन गोष्टींनी. एक, व्याज एक टक्का उतरले असता गुंतवणूक किती वाढते. आणि दोन, वाढलेला तो रुपया किती हातांतून फिरतो. समजा, एका शहरात टक्क्याच्या उतारामुळे दोन कोटींची नवी बांधकामे सुरू होतात, आणि मिळालेल्या प्रत्येक रुपयातील साठ पैसे लोक तेथेच खर्च करतात. गवंड्याचे पैसे किराणावाल्याकडे, त्याचे शिंप्याकडे, असे फिरत फिरत दोन कोटींचे उत्पन्न अडीचपट, म्हणजे पाच कोटी होते. दुसऱ्या शहरात त्याच टक्क्याने फक्त वीस लाखांची गुंतवणूक झाली, तर सारे फिरून पन्नास लाखच होतील. बँकेचा हुकूम एकच. पण एका ठिकाणी त्याचे बळ दुसऱ्या ठिकाणच्या दसपट.

आता आपल्या देशाकडे येऊ. जानेवारी २०१५ मध्ये रेपो दर आठ टक्क्यांवरून उतरू लागला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सहा टक्क्यांवर आला. देशाच्या उत्पन्नाच्या मानाने स्थिर भांडवलातील गुंतवणूक २०११-१२ मध्ये सुमारे ३४ टक्के होती. ती दर उतरण्यापूर्वीच घसरू लागली होती. २०१५-१६ पर्यंत २८-२९ वर आली आणि दर उतरूनही पुढील तीन-चार वर्षे २८ ते ३० च्या दरम्यानच घुटमळत राहिली. यावरून आपली रेषा उभी आहे असा निकाल अनेकांनी दिला. निकालात तथ्य होते. कारखान्यांची यंत्रे आपल्या शक्तीच्या शंभरात सत्तर-पंचाहत्तर इतकीच चालत होती. निम्म्या खोल्या रिकाम्या असलेला यात्रीनिवासाचा मालक व्याज उतरले म्हणून नवा मजला चढवीत नाही, तशातलाच हा प्रकार. परंतु हा निकाल देताना तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आणि त्या वेगळ्या न केल्याने पुष्कळ गोंधळ झाला आहे.

पहिली गोष्ट, दर ग्राहकापर्यंत पोचला काय? १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात, ज्याच्या समितीवर आपले धनंजयराव गाडगीळ होते, असे दिसले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शंभरात तीन रुपयांच्या आसपास, व्यापारी बँकांचा एक रुपयाही नाही, आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर. बँकदर १९५१ मध्ये तीनवरून साडेतीन झाला होता; पण सावकाराच्या वहीला त्याची खबर कशी लागावी? २०१६ मध्येही थकलेल्या कर्जांनी बँका वाकल्या होत्या आणि त्यांनी सारी घट पुढे दिली नाही. हा दोष पाटाच्या गळतीचा आहे, शेताच्या उताराचा नव्हे.

दुसरी गोष्ट, खरे व्याज किती? २०१६-१७ च्या हंगामात तूर अमाप आली. बोनससह ५,०५० रुपये क्विंटल हा हमीभाव असताना बाजारात भाव त्याखाली गेला. ज्याच्या मालाचा भाव उतरला त्याला दहाचे नऊ टक्के झालेले कर्जही जड जाते, कारण तेवढ्याच फेडीसाठी त्याला जास्त तूर विकावी लागते. त्या वर्षांत देशभर महागाईही उतरली होती. म्हणून कागदावरचा दर जेवढा उतरलेला दिसतो, तेवढा खरा दर उतरला नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रेषा उभी असणे वेगळे आणि रेषा डावीकडे सरकणे वेगळे. पाणी नाही, पीक नाही, गिऱ्हाईक नाही, तर प्रत्येक दराला उत्पन्न पूर्वीपेक्षा कमी होते. सारी रेषाच मागे जाते. अशा वेळी दर उतरवूनही उत्पन्न वाढले नाही, तर व्याजाचा उपाय निकामी होता असे सिद्ध होत नाही. कदाचित त्याने अधिक घसरण थांबवली असेल. हे ओळखण्याचा एक मार्ग आहे. एकाच पावसाखालच्या, एकाच बाजारातल्या दीर्घायुषी व अल्पायुषी वस्तूंची तुलना करावी. दर उतरल्यावर घरे वाढली आणि यंत्रे वाढली नाहीत, तर व्याजाचे बळ जिवंत आहे. दोन्ही सारखीच पडली, तर दोष बहुधा मागणीचा आहे. इंग्लंडची घरे आणि गोद्या यांनी हेच दाखवले. तथापि त्या काळात बांधकामही स्वस्त झाले होते, म्हणून सारे श्रेय एका दराला देणे बरोबर नव्हे.

मग रेषा उभी असताना काय करावे? हिक्सचे चित्र याचेही उत्तर देते. सरकारने स्वतः खर्च केला म्हणजे रेषाच उजवीकडे सरकते. त्या खर्चाने व्याज थोडे चढले, तरी व्याजाला बधिर असलेली खाजगी गुंतवणूक त्यामुळे फारशी मागे हटत नाही. म्हणून उभ्या रेषेवर तिजोरीचा खर्च सर्वांत परिणामकारक ठरतो. महाराष्ट्राने हे पुस्तकातून नव्हे, १९७२ च्या दुष्काळातून शिकून घेतले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्याला मिळालेली मजुरी त्याच आठवड्यात ज्वारीच्या दुकानात गेली. व्याजदराची तिला वाट पाहावी लागली नाही. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्क झाली.

पण यावरून व्याजाचा उपाय कायमचा टाकून देणे चूक होईल. चढण ही दगडात कोरलेली नसते. पाऊस पडला, यंत्रे पूर्ण चालू लागली, बँकांची थकबाकी निवळली, की तीच रेषा आडवी होऊ लागते. दर चढवून तेजी आवरणे हे तर नेहमीच दर उतरवून मंदी उठवण्याहून सोपे असते. कासरा ओढून बैल थांबवता येतो. कासरा सैल सोडला म्हणून दमलेला बैल धावत नाही. त्याला आधी चारा-पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये कासरा मुंबईत सैल झाला होता. पाणी मात्र मिरजेहून यायचे होते.