आधीं निर्णय, मग कारणें : लिंकनचीं दोन पत्रें

नकाराचें पत्र लिहिण्याचा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां येतो. कोणी उसने पैसे मागितलेले असतात, कोणी एखादें स्थळ सुचविलेलें असतें, कोणी भागीदारीची योजना पुढें मांडलेली असते. आपण लेखणी हातीं घेतों, क्षेमकुशल लिहितों, मग आपल्या अडचणींचा पाढा वाचतों, आणि ‘नाहीं’ हा एक शब्द शेवटच्या ओळीपर्यंत लांबवितों. पुष्कळदां तो लिहावयाचा राहूनच जातो. आज मी अशाच प्रसंगीं लिहिलेल्या दोन पत्रांची हकीकत सांगणार आहें. तीं एकाच माणसानें एकाच माणसाला लिहिलीं. एकांत नकार पहिल्याच वाक्यांत आहे. दुसऱ्यांत तो स्पष्ट शब्दांत कोठेंच नाहीं.

पत्रें लिहिणारा अब्राहाम लिंकन. तो दहा वर्षांचा असतांना, 1819 सालीं, त्याच्या विधुर वडिलांनीं सारा बुश जॉन्स्टन या विधवा स्त्रीशीं लग्न केलें. तिच्या पहिल्या संसारांतील मुलगा जॉन हा लिंकनहून लहान होता. दोघे एका छपराखालीं वाढले. पुढें लिंकन वकील झाला, 1847 सालीं अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें सभासद म्हणून गेला. जॉन मात्र इलिनॉय प्रांतांतील कोल्स परगण्यांत वृद्ध आईबापांजवळ शेतीवर राहिला, आणि कर्जांत रुतला.

1848 च्या डिसेंबरांत लिंकन वॉशिंग्टनला असतांना त्याच्याकडे घरून दोन मागण्या आल्या. जमिनीचा लिलांव टळावा म्हणून वडिलांना वीस डॉलर हवे होते. जॉनला ऐंशीं हवे होते. लिंकननें 24 डिसेंबर रोजीं एकाच कागदावर दोघांना उत्तरें लिहिलीं. वडिलांच्या उत्तराच्या आरंभींच त्यानें वीस डॉलर आनंदानें पाठवीत असल्याचें कळविलें. शंका त्यानंतर आली : आपल्यावर कोर्टाचा हुकूमनामा झाला आहे हें आपण विसरलांत कसे, आणि धनको तरी इतके दिवस स्वस्थ कसा बसला? तेव्हां पैसे देण्यापूर्वीं ते आधींच फेडलेले नाहींत ना, याची खात्री करून घ्यावी. ही शंका त्यानें आधीं लिहिली असती, तर ‘पैसे मिळणार कीं नाहींत’ या धास्तींत वडिलांनीं ती वाचली असती. पैसे मिळाल्याचें कळल्यावर तीच शंका सल्ला म्हणून वाचतां आली.

जॉनच्या पत्राचें पहिलें वाक्य तितकेंच सरळ आहे. तूं मागितलेले ऐंशीं डॉलर या वेळीं देणें मला योग्य वाटत नाहीं, एवढाच त्याचा आशय. या वाक्याचें माप पाहण्याजोगें आहे. त्यांत रक्कम आहे, ‘या वेळीं’ अशी मर्यादा आहे, आणि नकार आपला स्वतःचा आहे अशी कबुली आहे. माझा हात आखडलेला आहे, बायको नको म्हणते, असली सबब त्यांत नाहीं.

मग कारणें येतात. मीं पूर्वीं थोडीफार मदत केली, त्या त्या वेळीं तूं म्हणालास कीं आतां आमचें नीट चालेल. पण थोड्याच दिवसांत तूं पुन्हां त्याच अडचणींत. तूं स्वभावानें आळशी नाहींस, पण रिकामा बसणारा आहेस. काम करून फारसें पदरीं पडत नाहीं असें वाटून तूं तें करीतच नाहींस. हें कडू आहे. परंतु त्याचा निर्णयाशीं असलेला संबंध उघड आहे : आज कर्ज फेडून दिलें, तर पुढच्या सालीं तूं पुन्हां तितकाच बुडालेला असशील.

यानंतर लिंकन एक प्रतियोजना मांडतो. घरची शेती वडील आणि तुझे मुलगे पाहतील. तूं जवळपासच जास्तींत जास्त मजुरी मिळेल तेथें काम धर; सेंट लुईला किंवा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे जाऊं नको. येत्या 1 मेपर्यंत तूं मेहनतीनें जो जो डॉलर मिळवशील किंवा कर्जांतून फेडशील, त्या प्रत्येकाला मी एक डॉलर जोडीन. महिना दहा डॉलर मजुरी धरली, तर हातीं वीस पडतात. चार महिन्यांत ऐंशीं पुरे होतात. म्हणजे मागितलेली रक्कमच मिळण्याची वाट त्यानें दाखविली, फक्त अर्धा भार जॉनवर ठेवला. जॉननें जमीन लिहून देण्याची तयारी दाखविली होती. ती त्यानें उडवून लावली. जमीन असतांना ज्याचें भागत नाहीं, त्याचें ती गेल्यावर कसें भागणार? अखेरीस, तूं माझ्याशीं नेहमीं ममतेनें वागलास, मलाही निष्ठुर व्हावयाचें नाहीं, असें तो लिहितो. नकार आधींच उरकल्यामुळें हा गोडवा फसवा वाटत नाहीं.

आतां दुसरें पत्र. 1851 च्या जानेवारींत वडील अत्यवस्थ झाले. जॉननें दोन पत्रें लिहिलीं. लिंकन स्प्रिंगफील्डला होता, पण त्यानें एकाचेंही उत्तर दिलें नाहीं. तूं आतां येशील अशी जॉनची अपेक्षा नाहीं, पण तूं लिहीत कां नाहींस याचें त्याला नवल वाटतें, असें एका नातलग स्त्रीनें कळविलें, तेव्हां 12 जानेवारीला त्यानें लेखणी उचलली. येथें क्रम उलटा झाला. उपयोगी पडेल असें कांहीं लिहितां येईना म्हणून लिहिलें नाहीं, हा खुलासा प्रथम. मग वडिलांना कशाचीही उणीव पडूं नये ही इच्छा. मग कामाची अडचण, आणि त्यांत पत्नी बाळंतपणाच्या दुखण्यानें अंथरुणावर. पण लगेच कंसांत तो लिहितो कीं दुखणें बहुधा धोक्याचें नाहीं. मग ईश्वरावर भरंवसा ठेवण्याचा उपदेश. आणि त्याच्याही पुढें खरी गोष्ट बाहेर पडते : वडिलांना सांग कीं आतां आपली भेट झाली, तर ती सुखापेक्षां दुःखाचीच होण्याचा संभव आहे.

‘मी येत नाहीं’ हें वाक्य या पत्रांत नाहीं. आणि निर्णय पुढें मांडलेला नसला कीं वाचणारा प्रत्येक कारण तराजूंत घालून पाहतो. काम असेल, पण तें सोडवत नाहीं काय? पत्नी आजारी, पण धोका नाहीं म्हणतो. कारणें अनेक, आणि एक दुसऱ्याला पोखरतें आहे, असें दिसलें कीं खरें कारण आणखी खालीं दडलें आहे असें खुशाल समजावें. शिवाय निरोपाचें ओझें पडलें जॉनवर. मरणोन्मुख बापाला त्यानें नेमकें काय सांगावयाचें? पांच दिवसांनीं, 17 जानेवारीला, वडील वारले. मुलगा अंत्यविधीलाही गेला नाहीं.

पहिल्या पत्रानें जॉन सुधारला, असें मात्र नाहीं. 1851 च्या नोव्हेंबरांत तो जमीन विकून मिसूरीला जाण्याच्या विचारांत होता, आणि लिंकननें पुन्हां स्पष्ट शब्दांत तो बेत मूर्खपणाचा ठरविला. स्वच्छ नकार माणसाचा स्वभाव पालटीत नाहीं. पण ऐंशीं डॉलर मिळणार नाहींत, हें जॉनला पहिल्या ओळींतच समजलें. पुढचे चार महिने काय करावयाचें, हें ठरविण्यास तो मोकळा झाला. पैशाच्या बाबतींत लिंकनचें मन स्वतःशीं स्वच्छ होतें, म्हणून लेखणीही सरळ चालली. वडिलांच्या बाबतींत तें तसें नव्हतें. ‘येत नाहीं’ हें त्यानें आधीं स्वतःलाच सांगितलें नसावें. मग तें पत्राच्या पहिल्या ओळींत येणार कोठून?