दुःख आणि दुखणे : मराठी लेखनातील विसर्ग

मराठीत ‘दुःख’ विसर्गासह लिहितात; ‘दुखणे’, ‘दुखवणे’, ‘दुखवटा’ हे शब्द मात्र विसर्गावाचून लिहिले जातात. एकाच मूळ शब्दापासून आलेल्या रूपांत हा भेद का असावा, हा प्रश्न केवळ लेखनाचा नसून इतिहासाचा आहे.

संस्कृतात क-ख यांच्यापूर्वी येणाऱ्या विसर्गाच्या जागी पाणिनीने विकल्पाने जिह्वामूलीय सांगितला आहे. म्हणजे विसर्गाचा उच्चार पुढील कंठ्य वर्णाच्या स्थानाकडे झुकत असे. प्राकृतात हा झोक पूर्ण होऊन ‘दुक्ख’ असे रूप सिद्ध झाले. पुढे मराठीत ‘हत्थ’चा ‘हात’ आणि ‘सत्त’चा ‘सात’ झाला, त्याचप्रमाणे या शब्दातील द्वित्वही एकेरी झाले. ‘दुखणे’ आणि त्याच्या परिवारातील शब्द या वाटेने आले. त्यांच्या उच्चारात विसर्गाचा अवशेष उरलेला नाही. म्हणून ‘दुःखवटा’ असे लिहिणे हा पांडित्याचा आभास होय.

‘दुःख’ हे रूप मात्र संस्कृतातून पुन्हा जसेच्या तसे घेतलेले आहे. त्यातील विसर्ग आपण शुद्ध ‘ह’कारासारखा उच्चारीत नाही, सामान्यतः ‘दुक्ख’ असेच म्हणतो. तथापि हे द्वित्व हेच त्या विसर्गाचे आजचे उच्चारित रूप आहे. ‘दुःखद’ आणि ‘दुखरा’ हे शब्द लागोपाठ उच्चारून पाहावेत, म्हणजे पहिल्यातील आघात आणि दुसऱ्यातील त्याचा अभाव तत्काळ जाणवतो.

‘अंतःकरण’ या शब्दात विसर्गाचे आणखी एक कार्य दिसते. येथील मूळ अव्यय ‘अंतर्’ असे आहे. मृदू वर्णापुढे त्यातील ‘र्’ टिकतो, म्हणून ‘अंतर्ज्ञान’, ‘अंतर्गत’. क-प यांसारख्या कठोर वर्णांपुढे त्याचा विसर्ग होतो, म्हणून ‘अंतःकरण’, ‘अंतःपुर’. विसर्ग गाळून ‘अंतकरण’ असे लिहिले, तर उच्चारातील ‘क्क’ हरवतो आणि पूर्वपद ‘अंत’ म्हणजे शेवट आहे, असा भास होतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले. त्याच न्यायाने विसर्गही गाळावा, असा युक्तिवाद कोणी केल्यास तो टिकणारा नाही. तेथे गेलेले चिन्ह ध्वनिशून्य होते. येथील चिन्ह द्वित्वाची खूण आहे. शब्दान्ती विसर्गाची स्थिती वेगळी आहे. संस्कृतातील प्रथमेचा ‘रामः’ मराठीत ‘राम’ झाला, कारण तो विभक्तिप्रत्यय मराठीला निरुपयोगी होता. ‘स्वतः’, ‘वस्तुतः’ यांसारख्या अव्ययांत मात्र विसर्ग लिहिला जातो, आणि ‘स्वतःला’ या रूपातही तो राहतो.

सारांश, मराठीने विसर्ग सरसकट राखलेला नाही किंवा सरसकट टाकलेलाही नाही. शब्द कोणत्या वाटेने भाषेत आला, यावर तो अवलंबून आहे; आणि शब्दमध्यात क-ख यांच्यापूर्वी त्या वाटेची साक्ष अद्यापि कानाला मिळते.