क्षयाच्या वर्गातून निघालेला उपचार

१९०५ च्या जुलैत बॉस्टनच्या जोसेफ प्रॅट या डॉक्टरने क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला, तेव्हा मनावर उपचार करण्याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. त्याची अडचण साधी होती. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. पूर्ण विश्रांती, भरपूर आहार आणि रात्रंदिवस मोकळी हवा, एवढेच हाती होते. पैसेवाले त्यासाठी सॅनेटोरियममध्ये जात. चाळीवजा घरांत राहणाऱ्या गरिबांना हे घरीच करायला शिकवायचे, तर एकेकाला समजावत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकत्र बोलावलेले बरे. वेळ वाचावा, एवढ्याचसाठी हा वर्ग भरला. खर्च इमॅन्युएल चर्चने उचलला.

नियम मात्र कडक होते. काम सोडायचे. गच्चीवर तंबू ठोकून किंवा सज्जात खाट टाकून, थंडीतसुद्धा, बाहेर झोपायचे. प्रत्येकाकडे एक वही. तीत रोजचा ताप, खाल्लेले पदार्थ, विश्रांतीचे तास लिहायचे. एक बाई घरी येऊन हे सगळे पाहून जात. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस जण जमत, वजन करून घेत आणि वह्या दाखवत. कोणाचे वजन वाढले, हे सगळ्यांदेखत कळे.

प्रॅटला जे अपेक्षित नव्हते ते इथेच घडले. वेगवेगळ्या वंशांची, पंथांची ही माणसे एकाच आजाराने बांधली गेली. वर्गात रडगाणे कमी आणि उत्साह जास्त, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले. नव्याने आलेला रोगी डॉक्टरच्या तोंडून ‘तू बरा होशील’ हे ऐकत होताच. पण आपल्यासारखाच खोकत आलेला माणूस आता चार पौंड जास्त भरतो आहे, हे पाहण्याचे वजन वेगळे. डॉक्टरचे कामच धीर देण्याचे असते, शेजाऱ्याला खोटे बोलण्याचे कारण नसते. पुढे, १९३० मध्ये, प्रॅटने बॉस्टन डिस्पेन्सरीत असाच वर्ग भरवला, तोही ज्यांच्या दुखण्याला शारीरिक कारण सापडत नव्हते अशा रोग्यांसाठी. एव्हाना आपण नेमके काय करतो आहोत, हे त्याला उमगले होते.

मधल्या काळात समूहोपचाराच्या नाना शाखा फुटल्या आणि प्रत्येकीने गुणाचे कारण वेगळे सांगितले. १९५५ मध्ये रेमंड कोर्सिनी आणि बिना रोझेनबर्ग यांनी सुमारे तीनशे लेख चाळून ही कारणे गोळा केली आणि त्यांचे नऊ गट पाडले. ‘हे माझ्या एकट्याचेच नाही’ या जाणिवेला, म्हणजे सार्वत्रिकतेला, त्यांत स्वतंत्र जागा मिळाली. आशेला मिळाली नाही. प्रॅटच्या खोलीत जी दर आठवड्याला काट्यावर दिसत होती, ती पन्नास वर्षांनंतरच्या यादीतून गळलेली!

तिला मानाची जागा दिली अर्व्हिन यालोम यांनी, १९७० मध्ये आलेल्या समूहोपचारावरच्या पुस्तकात. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांतल्या यादीत आशा पहिली आणि सार्वत्रिकता दुसरी. सार्वत्रिकतेचा पुरावा त्यांनी एका साध्या प्रयोगातून दिला आहे. गटातल्या प्रत्येकाने कोणालाही सांगायला धजणार नाही असे गुपित नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठ्या उघडल्या की पुन्हा पुन्हा तेच निघते: मी आतून कुचकामी आहे, लोकांना खरा मी कळला तर संपलेच. आपण एकटेच असे, ही समजूत टिकते ती कोणी बोलत नाही म्हणून. सल्ला देऊन ती जात नाही. दुसऱ्याच्या तोंडून तीच गोष्ट ऐकली तरच जाते.

यालोम यांनी खुद्द रोग्यांनाही विचारले होते. गटात राहून चांगला गुण आलेल्या वीस जणांना साठ चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकीवर गुणाचे एक कारण. त्यांनी त्या उपयोगाच्या क्रमाने सात ढिगांत लावायच्या होत्या. बारा घटकांत वर आले ते इतरांकडून मिळालेला आपल्या वागण्याचा आरसा आणि मनातले बोलून मोकळे होणे. सार्वत्रिकता सातवी, आशा आठवी.

यावरून या दोघी दुय्यम ठरवणे घाईचे होईल. हे वीस जण सरासरी सोळा महिने गटात राहिलेले होते. इतक्या दिवसांनी मागे पाहणाऱ्याला जिव्हारी लागलेले खरे बोल आठवतात, पहिल्या आठवड्यातला दिलासा नव्हे. खुद्द यालोम यांचेही म्हणणे असे की आशा आणि सार्वत्रिकता सुरुवातीला माणसाला धरून ठेवतात; बाकीचे काम नंतर सुरू होते. ज्यांना तो दिलासा मिळालाच नाही, ते दोन-तीन बैठकांत उठून गेले असतील. त्यांच्या हाती साठ चिठ्ठ्या कोणी दिल्याच नव्हत्या.